स्पॉन्सर्ड आप्पेपात्राचा हिशेब

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट उघडून शोधाच्या चौकटीत `appe patra` असं टाइप करा. पहिल्या पडद्यावर जी आप्पेपात्रं दिसतात, त्यांतल्या काहींजवळ बारीक, फिकट अक्षरांत Sponsored किंवा Ad असं लिहिलेलं असतं. ती आप्पेपात्रं तिथे पोहोचली आहेत ती विक्रेत्याने पैसे मोजले म्हणून. एकट्या ॲमेझॉनला २०२४ साली जगभरातून जाहिरातींचे ५,६०० कोटी डॉलर मिळाले आणि त्यातला मोठा वाटा शोधपानावरच्या अशाच छोट्या छोट्या जागांचा होता. हे पैसे फक्त मोठ्या कंपन्या भरत नाहीत. लोणची, गोधड्या, तांब्याची भांडी, बिडाचे तवे विकणारे लाखो लहान विक्रेतेही ते भरतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण किती भरतो हे रुपया-पैशासकट माहीत असतं. त्या पैशामुळे जास्तीचं काय विकलं गेलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

या दोन गोष्टींमधलं अंतर एका उदाहरणातून मोजू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले आकडे या धंद्यात रोज दिसतात तसेच आहेत. समजा, कोल्हापुरात एक ताई बिडाची भांडी विकतात. कोल्हापूर-शिरोली परिसरात फाउंड्र्यांची वाण नाही. तिथल्या एका फाउंड्रीतून त्या आप्पेपात्र ओतून घेतात, घासून, तेल पाजून तयार करतात आणि ऑनलाइन विकतात. महिन्याला साधारण ६० आप्पेपात्रं जातात. एक दिवस विक्रेत्यांच्या पानावर सूचना येते, की जाहिरात सुरू करा आणि जास्त ग्राहकांपर्यंत पोहोचा. ताई आठवड्याला दीड हजार रुपये लावायचं ठरवतात.

पैसे कसे कापले जातात ते आधी समजून घेऊ. ही जागा महिन्याच्या भाड्याने मिळत नाही. दर वेळी कुणी काही शोधलं की त्या क्षणी एक लिलाव होतो. ज्या ज्या विक्रेत्याने त्या शब्दावर बोली लावली असेल, त्यांच्या बोल्या पाहिल्या जातात. त्याचबरोबर कुणाची वस्तू त्या शोधाला जास्त लागू पडते आणि कुणावर क्लिक होण्याची शक्यता जास्त, हेही पाहिलं जातं. म्हणून केवळ जास्त बोली लावून जागा मिळतेच असं नाही. जाहिरात नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत, कुणी तिच्यावर क्लिक केलं तरच लागतात. कापली जाणारी रक्कम सहसा बोलीपेक्षा थोडी कमी असते. क्लिक करणाऱ्याने वस्तू घेतली नाही तरी पैसे गेलेच.

बोली किती लावायची, यासाठी पानावर एक ‘सुचवलेली बोली’ दिसते. नवे विक्रेते तीच जशीच्या तशी घेतात. इतर विक्रेते अलीकडे किती बोलीवर जिंकले, त्यावरून तो आकडा काढलेला असतो. तुम्हाला एका नगावर काय सुटतं, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. ते शोधायला वही घेऊन बसावं लागतं आणि जाहिरातीचा पहिला रुपया खर्च होण्याआधीच बसावं लागतं.

ताईंची वही अशी. जीएसटी बाजूला काढला की एका आप्पेपात्राचे हातात येतात ८५० रुपये. ओतकाम, घासकाम, तेल आणि मजुरी मिळून ३६०. खोका आणि आतला फोम ३५. बाजारपेठेचं कमिशन, ठरावीक शुल्क आणि कुरिअर मिळून २३५, कारण बीड जड आणि कुरिअर वजनावर. उरला परतीचा आणि फुटीचा खर्च. बीड वाटतं भक्कम, पण उंचावरून आपटलं तर त्याला तडा जातो. शंभरातली काही पात्रं परत येतात, त्यांतली काही पुन्हा विकण्यासारखी नसतात, आणि हा सगळा तोटा शंभर नगांवर वाटला तर नगामागे ३० रुपये पडतात. एकूण ६६०. राहिले १९०.

पुढचा सगळा हिशेब या १९० वर उभा आहे. एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर १९० रुपये गेले तर ताईंना काही सुटत नाही आणि काही जातही नाही. शंभर क्लिकमागे पाच ऑर्डर मिळत असतील, तर पाच ऑर्डरींचे ९५० रुपये शंभर क्लिकवर वाटायचे. म्हणजे एका क्लिकला साडेनऊ रुपये ही त्यांची शेवटची मर्यादा. बोली त्याच्या वर गेली की प्रत्येक ऑर्डर खिशातून पैसे घालून मिळवलेली. परतीचा खर्च वहीत धरायचा राहिला, तर हीच मर्यादा अकरा रुपये दिसेल आणि दर क्लिकला दीड रुपया न कळत जाईल.

इथे जीएसटीची एक बाब लक्षात ठेवायला हवी. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताईंची नेहमीची जीएसटी नोंदणी आहे, म्हणून तो त्यांना आपल्या करातून वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणीच नसलेल्या विक्रेत्याला हा परतावा मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अशा लहान विक्रेत्यांनाही आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन विकता येतो. त्यांनी सहा रुपयांचा क्लिक सात रुपये आठ पैशांचा धरून चालावं.

आता जाहिरात चार आठवडे चालली. डॅशबोर्डवर दिसतं ते असं: खर्च ६,००० रुपये, क्लिक १,०००, जाहिरातीतून आलेल्या ऑर्डर ४५, विक्री ३८,२५०. खर्च भागिले विक्री, साधारण पावणेसोळा टक्के. या आकड्याला विक्रेत्यांच्या बोलीभाषेत ‘एकॉस’ म्हणतात आणि विक्रेत्यांच्या गटांमध्ये दिवसभर याच आकड्याची चर्चा असते. ताईंची मर्यादा १९० भागिले ८५०, म्हणजे बावीस टक्क्यांच्या जरा वर. पावणेसोळा त्याच्या बराच खाली आहे. ४५ ऑर्डरींवर १९० प्रमाणे ८,५५० सुटले, त्यातून ६,००० गेले, उरले २,५५०. जाहिरात फायद्यात चालली आहे, असं कुणीही म्हणेल. त्यात बाजारपेठेच्या प्रतिनिधीचा फोन येतो, “मॅडम, तुमचं रोजचं बजेट दुपारी तीनलाच संपतंय. संध्याकाळचे सगळे ग्राहक हातचे जातायत. डबल करा.”

बजेट दुपारी संपतं ही माहिती खरी आहे. संध्याकाळचे ग्राहक हातचे जातात, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासलेला नाही. ताईंनी बजेट वाढवण्याआधी स्वतःच्या एकूण ऑर्डरी पाहायला हव्यात. त्या चार आठवड्यांत त्यांची एकूण ८२ आप्पेपात्रं गेली. जाहिरात नव्हती तेव्हा तेवढ्याच दिवसांत ६० जात होती. वाढ २२ ची झाली, आणि डॅशबोर्ड ४५ सांगतो आहे.

डॅशबोर्ड खोटं बोलत नाही. तो एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कुणी जाहिरातीवर क्लिक केलं आणि पुढच्या ठरावीक दिवसांत वस्तू घेतली, की ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात लिहिली जाते. ॲमेझॉनवर सामान्य विक्रेत्यांच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स जाहिरातींसाठी ही मुदत सात दिवसांची आहे. जाहिरात नसती तर याच माणसाने हीच वस्तू घेतली असती का, हे डॅशबोर्ड विचारत नाही आणि त्याला ते कळण्याची सोयही नाही. खानावळीच्या जिन्यावर एक पोरगा उभा करून वर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं, आणि रात्री पत्रकं मोजून ‘इतके जण पत्रकामुळे जेवायला आले’ असं म्हटलं, तर जी चूक होईल तीच इथे होते.

ताईंच्या बाबतीत ही चूक आकड्यांत दिसते. ८२ मधून जाहिरातीच्या ४५ वजा केल्या तर जाहिरातीविना आलेल्या ऑर्डरी उरतात ३७. जाहिरात नसताना त्या ६० होत्या. म्हणजे जाहिरात सुरू होताच आपसूक येणाऱ्या २३ ऑर्डरी नाहीशा झाल्या. त्या कुठे गेल्या? त्या जाहिरातीच्या रकान्यात गेल्या. ताईंचं आप्पेपात्र `cast iron appe patra` या शोधाला आधीपासूनच तिसऱ्या-चौथ्या जागेवर फुकटात दिसत होतं. आता तेच पात्र सगळ्यात वर पैसे देऊनही दिसू लागलं. ग्राहकाने वरचं दाबलं. वस्तू तीच, ग्राहक तोच, फक्त ताईंचे सहा रुपये जास्त गेले. स्वतःच्या जाहिरातीचा विचार करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने हा एक रकाना आधी पाहावा: जाहिरात चालू असताना बिनजाहिरातीच्या ऑर्डरी घटतात का? घटत असतील तर तुम्ही आपलंच गिऱ्हाईक विकत घेत आहात.

आता हिशेब पुन्हा मांडू, पण टक्केवारीत नको, महिनाअखेरीला हातात काय राहिलं त्यात मांडू. जाहिरात नसताना ६० गुणिले १९०, म्हणजे ११,४०० रुपये. जाहिरात असताना ८२ गुणिले १९०, म्हणजे १५,५८०, त्यातून ६,००० वजा, उरले ९,५८०. विक्री वाढली, धावपळ वाढली, फाउंड्रीकडून जास्त माल उचलला आणि हातात १,८२० रुपये कमी आले. डॅशबोर्डवर हीच जाहिरात २,५५० रुपये फायद्यात होती.

हा प्रश्न फक्त लहान विक्रेत्याला पडतो असं नाही. २०१२ साली खुद्द ईबे या कंपनीने तो स्वतःपुरता तपासून पाहिला. गूगल, याहू यांच्या शोधपानांवर ईबे स्वतःच्या जाहिराती करत होती. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी काही ठिकाणी त्या बंद करून काय होतं ते मोजलं. त्यांचा निबंध २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आला. लोक शोधात ‘ईबे’ हेच नाव टाइप करत, त्या नावावरची जाहिरात बंद केल्यावर जाहिरातीतून येणारी जवळजवळ सगळी माणसं, ९९ टक्क्यांहून जास्त, खालच्या फुकटच्या दुव्यावरून येतच राहिली. नावाखेरीजच्या इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत बंद केल्यावरही एकूण विक्रीत मोजण्याजोगा फरक पडला नाही. पण त्याच तपासात दुसरी एक गोष्ट दिसली. जे लोक ईबेवर नवे होते किंवा क्वचित येत, त्यांच्या खरेदीवर जाहिरातीचा परिणाम खरोखर होत होता. मला लहान विक्रेत्याच्या दृष्टीने हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. ईबे सगळ्यांना ठाऊक होती. कोल्हापूरच्या ताई कुणाला ठाऊक नाहीत. जाहिरातीचा उपयोग त्यांना होऊ शकतो, फक्त तो नेमका कुठे होतो हे शोधायला हवं.

शोधायची साधी रीत म्हणजे जाहिरात आलटून पालटून चालू-बंद करणं. दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, पुन्हा दोन चालू, दोन बंद. सुरुवात दर वेळी एकाच वाराला. या आठ आठवड्यांत किंमत बदलायची नाही, फोटो बदलायचे नाहीत, कूपन लावायचं नाही, आणि माल संपू द्यायचा नाही. दिवाळीआधीचा मोठा सेल मध्ये येत असेल तर चाचणी पुढे ढकलायची. एक महिना जाहिरात आणि पुढचा महिना बिनजाहिरात अशी तुलना मात्र मी कुणाला सुचवणार नाही, कारण मधल्या काळात श्रावण येतो, सेल येतो, एखादा प्रतिस्पर्धी शंभर रुपयांनी भाव पाडतो, आणि त्याचं श्रेय किंवा खापर जाहिरातीवर पडतं. आलटून पालटून केलं की असे झटके दोन्ही बाजूंना थोडेथोडे वाटले जातात. जवळ दुसरी वस्तू असेल, समजा ताईंचा बिडाचा तवा, तर तिची जाहिरात न करता तिच्या विक्रीकडेही लक्ष ठेवावं. आप्पेपात्रासोबत तवाही वाढला, तर बाजारच तेजीत होता अशी शंका घ्यायला जागा आहे. अर्थात आप्पेपात्राच्या जाहिरातीवरून आलेल्याने तवाही उचलला असेल, तेही अहवालात बघावं लागतं.

समजा ताईंनी ही चाचणी केली आणि आकडे पुन्हा तेच आले: चालू असताना ८२, बंद असताना ६०. तरी फरक बरोब्बर २२ चाच आहे असं मानू नये. महिन्याला ६० नग विकले जात असतील, तर काहीही न बदलता कधी ५२ तर कधी ६८ विकले जाणं अगदी नेहमीचं आहे. दोन्ही बाजूंचा असा चढउतार धरला, तर खरी वाढ दहापासून चौतीसपर्यंत कुठेही असू शकते. ६,००० रुपये भरून निघायला ३२ जादा ऑर्डर लागतात. तेव्हा या चाचणीने दोन गोष्टी सांगितल्या. डॅशबोर्डवरच्या ४५ वर विसंबण्यात अर्थ नाही, हे बऱ्यापैकी ठामपणे. आणि जाहिरात तोट्यात असावी, हे जरा कमी ठामपणे. यावरून जाहिरात कायमची बंद करणं घाईचं होईल आणि बजेट दुप्पट करणं त्याहून घाईचं. चाचणीत एक छोटी गळतीही असते: काल जाहिरात पाहिलेला माणूस आज, जाहिरात बंद असताना, ऑर्डर देतो. साडेआठशेच्या वस्तूबाबत लोक फार दिवस घोळत बसत नाहीत. तरी त्यापोटी २२ ऐवजी २५ धरले, तरी पल्ला ३२ चाच राहतो.

ज्यांच्या महिन्याला आठ-दहा ऑर्डरी आहेत, त्यांना या चाचणीतून काही कळणार नाही, कारण इतक्या थोड्या आकड्यांत चढउतारच सगळं झाकून टाकतो. त्यांनी सरळ पुढच्या पायरीवर यावं. त्यांच्याप्रमाणे ताईंनाही खरा उलगडा तिथेच होतो.

ही पायरी म्हणजे शोधशब्दांचा अहवाल. ॲमेझॉनवर तो Search term report या नावाने उतरवून घेता येतो. विक्रेत्याने कोणत्या शब्दावर बोली लावली ते नव्हे, तर ग्राहकाने प्रत्यक्ष काय टाइप केलं ते त्यात ओळीने दिलेलं असतं. ताईंनी सुरुवातीला जाहिरात ‘ऑटोमॅटिक’वर सोडली होती, म्हणजे कोणत्या शोधाला दाखवायची हे बाजारपेठेने ठरवलं. हजार क्लिक कुठून आले ते आता बघू. सोपं जावं म्हणून प्रत्येक क्लिक सहा रुपयांचा धरू.

`cast iron appe patra`, `bidacha appe patra`, `appe pan iron` आणि अशाच शोधांवरून ३४० क्लिक आले आणि २२ ऑर्डरी मिळाल्या. ऑर्डरमागे खर्च ९३ रुपये. `paniyaram pan` वरून १२० क्लिक, ६ ऑर्डरी, ऑर्डरमागे १२० रुपये. तमिळनाडूत आप्प्यांसारख्याच पदार्थाला पणियारम म्हणतात आणि त्याचं भांडं हेच. ताईंच्या लिस्टिंगमध्ये हा शब्द कुठेच नव्हता. जाहिरातीविना चेन्नईच्या त्या ग्राहकांना ताईंचं पात्र बहुधा दिसलंच नसतं.

`appam pan` वरून २१० क्लिक आले आणि ऑर्डरी दोन. ऑर्डरमागे ६३० रुपये गेले. केरळातलं अप्पम म्हणजे कडेला जाळीदार आणि मधे फुगीर धिरडं. त्याचं भांडं एकाच खोलगट खड्ड्याचं असतं. पण आप्पेपात्राला अप्पम पॅन म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे या शोधात दोन्ही प्रकारचे लोक येतात आणि पहिल्या प्रकारचे बघून निघून जातात. `non stick appam maker` वरून १६० क्लिक, ऑर्डर एकही नाही. ज्याला हलकं, न चिकटणारं भांडं हवं आहे, तो अडीच किलोच्या बिडाचा फोटो बघायला थांबतो, पण घेत नाही. इकडच्या तिकडच्या शोधांचे ८० क्लिक आणि ऑर्डर एक.

शेवटी राहिलं ताईंच्या स्वतःच्या ब्रँडचं नाव. तिथे ९० क्लिक आणि १४ ऑर्डरी, ऑर्डरमागे जेमतेम ३९ रुपये. अहवालात हीच ओळ सगळ्यात देखणी दिसते, आणि ‘जिथे एकॉस कमी तिथे पैसे वाढवा’ हा गटांमधला नेहमीचा सल्ला ऐकला तर पैसे इथेच वाढतील. पण नाव टाइप करून आलेला माणूस आधीच ठरवून आलेला असतो. कुणाकडे तरी ते पात्र बघून, नाव विचारून तो आलेला असतो. नाहीशा झालेल्या २३ ऑर्डरींतल्या पुष्कळशा इथल्याच असणार. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो: आपल्या नावावर प्रतिस्पर्ध्याने बोली लावली तर? मोठ्या ब्रँडच्या बाबतीत तसं घडतं. म्हणून आपलं नाव शोधून बघावं, वर कुणाची जाहिरात येते का ते पाहावं. कुणीच येत नसेल तर त्या जागेचं रक्षण कुणापासून करायचं?

नको ते शोध थांबवण्यासाठी ‘निगेटिव्ह कीवर्ड’ची सोय असते. इथे हात जरा जपून चालवावा लागतो. `non stick` हा शब्दसमूह ‘निगेटिव्ह फ्रेज’ म्हणून टाकला की ज्या ज्या शोधात तो येईल तिथे जाहिरात दिसणार नाही. ताईंना तेच हवं आहे. पण `appam` हा शब्द तसाच टाकला, तर `cast iron appam patra` शोधणारा हक्काचा ग्राहकही जाईल. तिथे ‘निगेटिव्ह एक्झॅक्ट’ वापरून फक्त `appam pan` एवढाच नेमका शोध बंद करायचा.

एखादा शोध फुकट जातो आहे असं किती क्लिकनंतर म्हणायचं? बरेच विक्रेते दहा क्लिकमध्ये ऑर्डर नाही म्हटल्यावर शब्द उडवतात. ताईंना सरासरी बावीस क्लिकमागे एक ऑर्डर मिळते. तेव्हा चांगल्या शब्दावरसुद्धा बावीस क्लिक कोरडे जाण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त असते. सलग पासष्टच्या आसपास कोरडे गेले, तर मात्र शब्द बरा असूनही असं होण्याची शक्यता वीसात एक इतकी खाली येते. सरासरीच्या तिप्पट क्लिकपर्यंत थांबावं, हा त्यातून निघणारा आडाखा. नॉन-स्टिकच्या १६० क्लिकनंतर थांबण्यासारखं काही उरत नाही.

ताईंनी नॉन-स्टिक, `appam pan`, किरकोळ शोध आणि स्वतःचं नाव, चारही बंद केले. खर्च ६,००० वरून २,७६० वर आला. डॅशबोर्डवरच्या ऑर्डरी ४५ वरून २८ वर उतरल्या. प्रतिनिधीचा पुन्हा फोन येईल की तुमची जाहिरातीची विक्री घसरली आहे. तो खोटं सांगत नसेल. पण या २८ मधल्या वीस जरी खरोखर जास्तीच्या असतील, तर त्यांचे ३,८०० सुटतात आणि खर्च वजा जाता १,०४० रुपये हातात राहतात. वीस आहेत की नाहीत, हे पुन्हा चालू-बंद करूनच कळेल. शिवाय `cast iron appe patra` वर ताई आधीच चौथ्या जागेवर आहेत, तेव्हा तिथली बोली सहावरून चारवर आणून बघण्यासारखी आहे. `paniyaram pan` वरची सहाचीच ठेवावी, किंबहुना `paniyaram` हा शब्द लिस्टिंगच्या शीर्षकात घालावा, म्हणजे ती विक्री काही काळाने फुकटातही येऊ लागेल. जाहिरातीचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ग्राहक आपल्या वस्तूला काय म्हणतात, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या स्वस्तात कळत नाही.

नव्या वस्तूचा हिशेब मात्र निराळा. ताईंनी उद्या बिडाची कढई आणली, तर तिला ना अभिप्राय असतील ना शोधपानावर जागा. आपसूक ऑर्डरी जवळजवळ शून्य, म्हणून जाहिरातीतून येईल ती बहुतेक सगळी विक्री खरी जास्तीची. अशा वेळी ऑर्डरमागे १९० च्या जागी २५० गेले तरी चालवून घेता येतात, कारण त्या पैशात पहिले पंधरा-वीस अभिप्रायही मिळत असतात. विकली जाणारी वस्तू क्रमवारीत वर सरकते असा विक्रेत्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे, पण किती विक्रीला किती सरकते याचं सूत्र कुठलीही बाजारपेठ उघड करत नाही. म्हणून ‘रँकिंगसाठी तोटा सोसतोय’ हे वाक्य वर्षभर बोलत राहता येतं, आणि पुष्कळ जण बोलतात. त्याला आळा घालायचा तर सुरू करतानाच दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात: जास्तीत जास्त किती रुपये, आणि कोणत्या तारखेपर्यंत. कढईसाठी समजा आठ हजार आणि दहा आठवडे. त्या तारखेला जाहिरात निम्म्यावर आणायची आणि दोन आठवडे आपसूक ऑर्डरी मोजायच्या. त्या आठवड्याला सहा-सातवर टिकल्या, तर कढईला जागा मिळाली. जाहिरातीबरोबर त्याही शून्याकडे गेल्या, तर अडचण जाहिरातीत नसून किमतीत, फोटोंत किंवा कढईतच आहे, आणि पुढचे आठ हजार घालण्याआधी ताईंनी एक-दोन स्टारचे अभिप्राय वाचायला बसावं.